ऑफसाइटची तारीख : सगळ्यात जास्त मतं म्हणजे फायनल? जरा थांबा!

नवी नोकरी, टीममध्ये सगळ्यात ज्युनिअर तुम्ही, आणि एक दिवस लीड सहज म्हणतो, 'फेब्रुवारीत ऑफसाइट करू या. तारखेचं तू बघ ना जरा.' हे 'जरा' फार फसवं असतं. तुम्ही ग्रुपवर विचारता, 'सगळ्यांना कधी जमेल?' त्यावर चार थम्स अप येतात, दोन 'एनिटाइम' येतात, एकजण 'गोवाऽऽ' म्हणतो आणि तारीख कुणीच सांगत नाही.

कारण प्रश्नच चुकीचा आहे. मोकळा प्रश्न विचारला की मोकळंच उत्तर येतं. लोकांना ठरावीक तारखा समोर ठेवून विचारावं लागतं, आणि त्या तारखा निवडण्याआधी थोडा अभ्यास करावा लागतो.

एक उदाहरणच घेऊ. समजा, पुण्यातली नऊजणांची टीम आहे. सातजण पुण्यात, एकजण नागपूरहून घरूनच काम करतो, एक बंगळुरूत. वाई-पाचगणीला गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस जायचंय. २०२७ च्या फेब्रुवारीत तुमच्यासमोर चार पर्याय आहेत : ४-५, ११-१२, १८-१९ आणि २५-२६.

आता पोल टाकण्याआधी कॅलेंडर नीट बघा. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, आणि ती शुक्रवारी आलीय. म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार असा लाँग वीकेंड. २५-२६ म्हणजे महिनाअखेर. टीममधली जी ताई पगाराचा हिशेब करते ती तेव्हा हलूच शकत नाही. हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर तो पर्याय पोलमध्ये येताच कामा नये. तो ठेवला की तीन-चारजण त्यावर मत देतात आणि मग ती तारीख रद्द केल्यावर रुसतात. राहिल्या तीन तारखा.

खरी गंमत पुढे आहे. साध्या पोलमध्ये माणूस फक्त 'हो' म्हणू शकतो. पण सुट्ट्यांच्या बाबतीत उत्तरं तीन असतात. 'जमेल', 'जमवता येईल' आणि 'नाही जमणार'. डूडलसारख्या साइटवर ही मधली सोय आहे. व्हॉट्सअॅपवरच करायचं असेल तर प्रत्येक तारखेचा वेगळा पोल टाका, त्यात हे तीन पर्याय द्या आणि 'Allow multiple answers' बंद करा. तीन तारखा, तीन पोल. ग्रुपवर थोडी गर्दी होते, पण चालतं.

आपल्या टीमची मतं समजा अशी आली. ४-५ ला जमेल चार, जमवता येईल तीन, नाही दोन. ११-१२ ला जमेल चार, जमवता येईल पाच, नाही एकही नाही. १८-१९ ला जमेल सात आणि नाही दोन.

साधा पोल असता तर १८-१९ सात मतांनी जिंकली असती आणि तुम्ही 'डन' लिहून मोकळे झाला असता. पण ते सात कोण ते बघा. सातही पुण्यातले, पुढचे शनिवार-रविवार तिथेच काढू असा हिशेब करणारे. आणि नाही म्हणणारे दोघं? एक नागपूरचा, एक बंगळुरूची. लाँग वीकेंडला तिकीट मिळणं अवघड, आणि ती सुट्टी त्यांना घरच्यांबरोबर हवीय. ऑफसाइट मुळात कशासाठी? वर्षभर स्क्रीनवर भेटणाऱ्यांना समोरासमोर भेटता यावं म्हणून. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं तेच बाहेर! वर शिवजयंतीची सुट्टी कामात गेली म्हणून बदली रजा द्यायची का, हा वाद वेगळाच. आणि हॉटेलांचे दर लाँग वीकेंडला चढतात ते आहेच.

म्हणून मोजणी उलटी करा. आधी 'नाही' मोजा. जिथे 'नाही' सगळ्यात कमी, ती तारीख पुढे. इथे ११-१२. पण 'जमवता येईल' म्हणणाऱ्या पाचजणांना एकेकट्याला विचारा, 'जमवायचं म्हणजे काय करावं लागेल?' कुणाला डेंटिस्टची वेळ बदलायचीय, तर कुणाला मुलीला दोन रात्री आजीकडे ठेवायचंय. पहिली गोष्ट किरकोळ आहे, दुसरी नाही. आणि मागच्या वेळीही तिनेच जमवलं होतं का, हेही बघा.

हे विचारायचं खासगीतच. ग्रुपच्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. कुणाचे उपचार चालू असतात, कुणाचा दुसरीकडे इंटरव्ह्यू असतो (असतोच!). 'नाही'चं कारण ग्रुपवर मागितलं की लोक खोटं तरी बोलतात किंवा मुकाट 'हो' म्हणतात. आणखी एक, लीडला सांगा की तुम्ही शेवटी मत द्या. त्याने पहिलं मत टाकलं की आपण ज्युनिअर मंडळी पटापट त्याच्याच मागे जातो. जो उत्तरच देत नाही त्याचं मौन म्हणजे होकार नव्हे. त्याला सरळ फोन करा.

पोल किती दिवस उघडा ठेवायचा? हे रेल्वे ठरवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नागपूरच्या मित्राला गुरुवारी सकाळी वाईत हजर व्हायचं तर बुधवारी, १० फेब्रुवारीलाच निघावं लागेल. त्या तारखेचं आरक्षण १२ डिसेंबरला उघडेल आणि परतीचं, म्हणजे शुक्रवार रात्रीचं, १४ डिसेंबरला. म्हणजे पोल शुक्रवारी ४ डिसेंबरला टाका आणि बुधवारी ९ तारखेला संध्याकाळी सहाला बंद करा. मधला शनिवार-रविवार मुद्दाम ठेवलाय, कारण घरी विचारल्याशिवाय रजा ठरत नाही. महिनाभर पोल उघडा ठेवला तर पुणेकरांचं काही बिघडत नाही, नागपूरवाला मात्र वेटिंग लिस्टवर जातो आणि शेवटी आदल्या दिवशी तत्काळसाठी धडपडतो.

आणि हो, त्याच्यासाठी हे दोन दिवस नाहीत. बुधवारी निघून तो शनिवारी घरी पोचतो. पोलमध्ये फक्त '११-१२' लिहिलं तर हे कुणाच्या लक्षातच येत नाही. 'पुण्याबाहेरच्यांचा प्रवास धरून १० ते १३' असं लिहा. मग बुधवारी दुपारनंतर त्याच्या नावावर मीटिंग लागत नाही.

पोल चालू असतानाच एक-दोन रिसॉर्टना फोन करून पहिल्या दोन तारखा चार-पाच दिवस धरून ठेवता येतील का, ते विचारा. अॅडव्हान्स मात्र तारीख ठरल्यावरच भरा, आणि भरण्याआधी रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी घ्या. जागेचा वेगळा पोल आत्ता नको. तारीख आणि जागा एकदम विचारली की गोवावाले परत जागे होतात.

मग गुरुवारी, १० डिसेंबरला, एकच मेसेज टाका :

'ऑफसाइट ११ आणि १२ फेब्रुवारी, नक्की. गुरुवारी सकाळी ८ ला ऑफिसखालून बस. नागपूर-बंगळुरूची तिकिटं मी काढतेय, १२ तारखेच्या आत नाव-वय कळवा. दोन्ही दिवस कामाचेच धरलेत, रजा टाकू नका. ४-५ आणि १८-१९ मोकळ्या, तुमचे प्लॅन करा.'

शेवटचं वाक्य बहुतेकजण विसरतात. लोकांनी तुमच्यासाठी तीन आठवडे अडवून ठेवलेले असतात. ते सोडले नाहीत तर कुणी तरी शिवजयंतीला शिवनेरीला जायचं की नाही, हे जानेवारीतही तुम्हालाच विचारत बसेल. हाच मेसेज ऑफिसच्या कॅलेंडरवरही टाका. ग्रुपवरचा संध्याकाळपर्यंत मीम्सखाली गेलेला असतो.

एवढं करूनही जानेवारीत कुणाचा तरी मेसेज येणार, 'सॉरी यार, ११ ला चुलत भावाचं लग्न निघालं.' तेव्हा तारीख परत उघडायची का? याचं उत्तर पोल टाकतानाच लीडकडून घेऊन ठेवा. उदाहरणार्थ, बुकिंगनंतर तिघांपेक्षा कमी गळाले तर तारीख हलणार नाही. मग लग्नवाल्याला 'जेवणाचं काय होतं ते सांग' एवढंच लिहायचं आणि बसवाल्याला आठ सीट कळवायच्या.