ओव्हनची कृती, एअर फ्रायरचे आकडे

ओव्हनसाठी लिहिलेली कृती एअर फ्रायरमध्ये करायची तर तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसने उतरवायचं आणि वेळ पाचव्या हिश्श्याने कमी धरायचा, हा हिशेब आता बऱ्याच घरांत माहीत झाला आहे. बटाट्याच्या फोडींना, पनीर टिक्क्याला तो छान लागू पडतो. केक मात्र एवढ्याच भरवशावर लावला, तर वरून तपकिरी आणि आतून ओला निघण्याची शक्यता बरीच असते.

साध्या ओटीजीत हवा गरम होते, पण फारशी हलत नाही. पदार्थातून निघणारी वाफ त्याच्या अंगालगतच रेंगाळते आणि पृष्ठभागाला भाजू देत नाही. एअर फ्रायरमध्ये कॉइल पदार्थाच्या डोक्यावर असते, तिच्यावर पंखा असतो आणि जागा लहान. गरम हवा सतत फिरत राहते, वाफेला टिकू देत नाही. म्हणून त्याच १८० अंशांवर पदार्थ बाहेरून फार लवकर सुकतो आणि रंग धरतो. आत मात्र उष्णता पिठातून आपल्या गतीनेच सरकते. तिथे पंख्याचं काही चालत नाही. पातळ पसरलेल्या पदार्थाला आतबाहेर असा फार फरकच नसतो, म्हणून तो झटपट होतो. जाड पदार्थाचं तापमान नीट उतरवावं, वेळ वाचण्याची आशा मात्र थोडीच ठेवावी.

रवा केकचंच पाहू. समजा, कृतीत ७ इंची गोल टिन, १८० अंश आणि ४० मिनिटं दिली आहेत. बऱ्याच घरगुती एअर फ्रायरच्या बास्केटमध्ये ६ इंची टिन सोयीचं पडतं, कारण चारी बाजूंनी हवा फिरायला बोटभर जागा हवीच. ६ इंची टिनचं क्षेत्रफळ ७ इंचीच्या पाऊण पटीहून किंचित कमी भरतं. म्हणून मिश्रणही पाऊणपटच करावं. सगळं मिश्रण त्या लहान टिनमध्ये ओतलं तर थर जाड होतो आणि मग कुठलाच हिशेब जुळत नाही.

आता आकडे. १८० मधून २० वजा केले की १६०. ४० मिनिटांचा पाचवा हिस्सा ८, म्हणजे अंदाज ३२ मिनिटांचा. पण प्रत्येक यंत्राची ताकद वेगळी असते, म्हणून पाहायला २५ मिनिटांपासून सुरुवात करावी. यंत्र १६० वर तीन-चार मिनिटं तापवून घ्यावं, मग टिन ठेवावं. पहिली १५ मिनिटं बास्केट ओढू नये. पंखा थांबतो, उष्णता निघून जाते आणि अर्धवट फुगलेला केक बसू शकतो. १५ मिनिटांनंतर वरचा रंग गडद दिसला तर टिनवर फॉइल झाकावी आणि तिच्या कडा टिनच्या काठाखाली घट्ट दाबाव्यात. सैल फॉइल किंवा रिकामा बटर पेपर हवेने उडून कॉइलला चिकटतो, ते धोक्याचं आहे. शेवटी मधोमध सुरी खुपसून पाहावी. काठाजवळची सुरी नेहमीच आधी कोरडी निघते, तिच्यावर विसंबू नये.

चूक कुठे झाली ते केकच सांगतो. मधे डोंगर होऊन फुटला, साल टणक आणि पोट कच्चं राहिलं, तर तापमान जास्त होतं. पुढच्या वेळी १५० करावं आणि पाच-सात मिनिटं वाढवावीत. रंग फिका आणि केक कोरडा, भुसभुशीत झाला, तर तापमान कमी पडलं आणि वेळ लांबला. फक्त तळ ओला राहिला, तर टिन जाळीवर ठेवलं होतं का ते पाहावं, कारण खालून हवा लागायलाच हवी.

हिशेबाला लागण्याआधी मूळ कृती कोणत्या ओव्हनची आहे तेही वाचावं. ती कन्व्हेक्शनवर, म्हणजे पंखा चालू ठेवून करायची असेल, तर तापमान आधीच उतरवलेलं असतं. तिथे पुन्हा २० अंश कापले तर केक फिका राहतो. तेच तापमान ठेवून फक्त लवकर पाहायला लागावं. अमेरिकन कृतीत ३५० लिहिलेलं असतं ते फॅरेनहाइट, म्हणजे आपले साधारण १७५ अंश. तिथे '२५ ने कमी करा' म्हणतात तेही फॅरेनहाइटचेच, आपल्याकडे १४ अंश भरतात.

नानकटाईला यातलं निम्मं बंधनही नाही. १७० अंशांवर १५ मिनिटांची कृती १५० वर लावावी आणि दहाव्या मिनिटाला तळ पाहावा. तळ सोनेरी झाला की वरून मऊ लागली तरी काढावी, गार होताना ती घट्ट होते. दुसरा घाणा लावताना यंत्र आधीच पूर्ण तापलेलं असतं, म्हणून तो दोनेक मिनिटं आधीच पाहायला घ्यावा.