नऊ-सहाचं यंत्र ओळखायचं कसं?

लास व्हेगासच्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरची दोन यंत्रं शेजारी-शेजारी असतात. पडदा एकसारखा, पत्ते एकसारखे, नावही एकच, ‘जॅक्स ऑर बेटर’. तरीही एक यंत्र दुसऱ्याच्या कितीतरी पट वेगानं खिसा रिकामा करत असतं. हा फरक कॅसिनो लपवत नाही, तो पडद्यावरच छापलेला असतो. तो वाचता यायला हवा.

नेवाडाच्या नियमांनुसार, यंत्रात खरे पत्ते दाखवले तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या बावन्न पानी कॅटइतकीच असावी लागते. त्यामुळे यंत्राला पत्त्यांत लबाडी करता येत नाही. कॅसिनोला आपला नफा कमी-जास्त करायचा असेल, तर कोणत्या हाताला किती पैसे द्यायचे एवढंच त्याच्या हातात उरतं. हा दर म्हणजेच पे-टेबल. साध्या स्लॉट मशीनवर असा हिशेब खेळणाऱ्याला करता येत नाही, इथे येतो.

‘जॅक्स ऑर बेटर’मध्ये पाच पत्ते मिळतात, हवे ते ठेवून बाकीचे एकदा बदलता येतात. गुलाम किंवा त्याहून मोठ्या पत्त्यांची जोडी आली की एका नाण्यामागे एक नाणं मिळतं, म्हणजे फक्त लावलेला पैसा परत येतो. दोन जोड्यांना दोन, एकाच किमतीच्या तीन पत्त्यांना तीन, ओळीनं आलेल्या पाच पत्त्यांना चार. हे आकडे बहुतेक यंत्रांवर सारखेच असतात. काटछाट होते ती पुढच्या दोन ओळींत. एक फ्लश, म्हणजे पाचही पत्ते एकाच रंगाचे, सगळे बदाम किंवा सगळी इस्पिकं. दुसरं फुल हाऊस, म्हणजे तीन सारखे आणि वर एक जोडी. पूर्ण दराचं यंत्र फुल हाऊसला नऊ आणि फ्लशला सहा देतं. म्हणून खेळणारे त्याला ‘नऊ-सहा’ म्हणतात.

या दोन ओळीच का? कारण रॉयल फ्लशचं बक्षीस कमी केलं तर ते कुणाच्याही डोळ्यांत भरेल. फुल हाऊसमधलं एक नाणं सहज नजरेआड होतं. पण नीट खेळलं तर फुल हाऊस सुमारे 87 डावांत एकदा येतं, फ्लश सुमारे 91 डावांत एकदा. तिथलं एक-एक नाणं काढलं की दर वेळी परताव्यातून एक टक्क्याहून थोडं जास्त जातं. नऊ-सहाचं यंत्र बिनचूक खेळीवर दीर्घकाळात 99.54 टक्के परत देतं. आठ-पाचचं 97.30 टक्के, सहा-पाचचं 95 टक्के.

टक्क्यांचे डॉलर करून पाहा. पाव डॉलरची पाच नाणी, म्हणजे एका डावाला सव्वा डॉलर. तासाला 600 डाव धरले तर 750 डॉलर यंत्रातून फिरतात. नऊ-सहावर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात, आठ-पाचवर वीस, सहा-पाचवर साडेसदतीस. एका संध्याकाळी नशिबाच्या चढउतारात हे कळतच नाही, म्हणून अनुभवावर विसंबता येत नाही. आकडेच वाचावे लागतात.

वाचताना पहिल्या, एका नाण्याच्या रकान्यात पाहावं. पाच नाण्यांच्या रकान्यात 45 आणि 30 दिसले तर तेही नऊ-सहाच. 40 आणि 25 दिसले तर आठ-पाच. त्याच नजरेनं रॉयल फ्लशची ओळ पाहावी. एका नाण्याला 250 असतात, पण पाच नाण्यांना 1250 नव्हे, 4000. पाचापेक्षा कमी नाणी लावली, तर नऊ-सहाच्या यंत्राचाही परतावा 98.4 टक्क्यांच्या आसपास उतरतो. पाच नाणी परवडत नसतील, तर कमी किमतीच्या नाण्याचं नऊ-सहा यंत्र शोधणं बरं. मात्र एकाच यंत्रावर नाण्याची किंमत बदलली की पे-टेबलही बदलू शकतं. म्हणून किंमत निवडल्यावर पुन्हा पाहायचं.

नऊ-सहा ही खूण प्रत्येक खेळाला लागू नाही. ‘बोनस पोकर’मध्ये आठ-पाच हाच पूर्ण दर आहे. तिथे चार एक्क्यांना पंचवीसऐवजी ऐंशी नाणी मिळतात आणि परतावा 99.17 टक्के होतो. आधी खेळाचं नाव वाचायचं, मग आकडे.

आणि पूर्ण दर म्हणजे फायदा नव्हे. 99.54 मधले जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत आणि तो सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो. तासाला 600 डाव खेळणाऱ्याला त्यासाठी सरासरी 67 तास लागतात. तोवर नऊ-सहाचं यंत्रही अडीच टक्क्यांच्या वेगानं पैसे घेत राहतं. पत्ते चुकीचे ठेवले तर त्याहून जास्त. तेव्हा ‘जॅक्स ऑर बेटर’ खेळायचंच असेल, तर नोट आत घालण्याआधी त्या दोन ओळी वाचा, आणि नऊ व सहा दिसले नाहीत तर त्या यंत्रापुढे बसू नका.