आपल्या कंपनीचं नाव बदलतंय – तुमचा चुकारा, शेअर आणि खातं यांचं काय?



विशेष सर्वसाधारण सभेत आपण कंपनीचं नाव बदलायचा ठराव मंजूर केला. जुन्या नावात एकाच गावाचं आणि एकाच पिकाचं नाव होतं. आता कामठी तालुक्यातल्या बऱ्याच गावांचे सभासद आहेत, आणि सोयाबीनसोबत आपण धान, तूरही घेतो. म्हणून हा बदल. सभेनंतर कार्यालयात रोज तेच प्रश्न येताहेत: "माझा चुकारा अडकणार का?", "शेअर परत घ्यावे लागतील का?" सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. मेसेज थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*नाव बदललं, कंपनी तीच*

माणसानं राजपत्रात नाव बदललं तरी त्याचं कर्ज, त्याचं वावर आणि त्याची पोरं त्याचीच राहतात. कंपनीचंही तसंच. नाव बदलल्यानं नवी कंपनी जन्माला येत नाही. कंपनीचं देणं, घेणं, करार, सगळं जसंच्या तसं पुढे चालतं.

हे एका उदाहरणानं पाहू. समजा, तुम्ही 22 क्विंटल सोयाबीन 4,600 रुपयांनी दिलं. काटापट्टी जुन्या नावाची. एकूण 1,01,200 रुपये झाले, त्यातले 50,000 खात्यात आले. मग नाव बदललं. उरलेले 51,200 रुपये कंपनीच तुम्हाला देणार, ठरलेल्या मुदतीतच. फक्त पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव नवं दिसेल. जुनी काटापट्टी बदलून घ्यायची गरज नाही, पण ती फेकू नका. तीच तुमचा पुरावा आहे.

हेच उलटंही लागू आहे. ज्यांनी बियाणं, खत उधार नेलं, त्यांची उधारी जुन्या नावासोबत जाणार नाही. ती तशीच राहील.

शेअरचंही तेच. जुनं शेअर प्रमाणपत्र चालतं. त्यासाठी एक रुपयाही भरायचा नाही. मतही तेच: शेअर कितीही असोत, एका सभासदाला एक मत.

*नंबर पाहा, नाव नाही*

ओळख पटवायला नंबर सगळ्यात पक्का. आपला पॅन नंबर तोच राहतो, पॅनवरचं नाव तेवढं दुरुस्त होतं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅन बदलत नाही, म्हणून जीएसटी नंबरही बदलत नाही. कंपनी नोंदणीचा 21 अक्षरांचा क्रमांकही तोच. बँक खातं तेच, शाखा तीच, आयएफएससी कोडही तोच.

ॲक्सिस बँक आठवा. 2007 पर्यंत तिचं नाव यूटीआय बँक होतं. नाव बदलून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या आयएफएससी कोडची सुरुवात आजही UTIB नेच होते. ज्यांचं खातं तिथं आहे त्यांनी पासबुक काढून पाहा. पाटी बदलली, आतला हिशेब तोच.

बँका एकत्र येतात ती गोष्ट वेगळी. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं मुख्यालय नागपूरला होतं. 1 मे 2025 पासून ती आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एक झाल्या. असं एकत्रीकरण झालं की कोड, चेकबुक अशा गोष्टी बदलू शकतात. आपल्याकडे तसं काही नाही. आपण कुणात मिसळलो नाही, कुणी आपल्याला विकत घेतलं नाही.

*मग बदलणार काय?*

पाटी, शिक्का, बिलाचा मथळा आणि पावती पुस्तक. कायद्यानं दोन वर्षं नव्या नावासोबत जुनं नावही छापावं लागतं. म्हणून पावतीवर दोन्ही नावं दिसली तर चूक समजू नका. उलट एकच नाव असेल तर विचारा.

नावाचा शेवट मात्र बदलणार नाही. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीच्या नावात शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' असावंच लागतं. कुणी नुसतं 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलेली पावती दाखवली, तर ती आपली नाही.

एका ठिकाणी थोडा वेळ लागेल. बियाणं, खत आणि कीटकनाशकाच्या परवान्यांवर कृषी विभागाकडून नाव दुरुस्त करून घ्यावं लागतं. परवान्यावर नवं नाव येईपर्यंत निविष्ठा केंद्राचं बिल कोणत्या नावानं काढायचं, ते विभागाला विचारूनच ठरवू. तोवर बिलावर परवाना क्रमांक आहे का, ते पाहूनच घ्या.

*नवं नाव या मेसेजमध्ये का नाही?*

सभेत ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडून नव्या नावाचं प्रमाणपत्र येतं, त्या दिवसापासून नाव लागू होतं. ते अजून यायचं आहे. तोवर प्रत्येक बिल, काटापट्टी आणि चुकारा जुन्याच नावानं.

नेमका हाच काळ धोक्याचा. "कंपनीचं नाव बदललं, आता या खात्यात पैसे टाका" असा मेसेज कुणीही पाठवू शकतो. "नव्या नावानं शेअर घ्या, केवायसीसाठी ओटीपी सांगा" असा फोनही येऊ शकतो. नाव बदललं म्हणून आपण ना खातं बदलणार, ना ओटीपी मागणार. क्यूआर कोडही गोडाऊनवर लावलेला तोच. पैसे टाकताना स्क्रीनवर काही दिवस जुनं नाव दिसलं तरी चालेल. तिसरंच नाव दिसलं तर थांबा आणि फोन करा.

शंका आली तर gst.gov.in उघडा, `Search Taxpayer` मध्ये पावतीवरचा जीएसटी नंबर टाका. नंबर कुणाचा आहे ते समोर येईल. लॉगिन लागत नाही. प्रमाणपत्र आलं की 15 दिवसांच्या आत जीएसटीत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत तिथं जुनं नाव दिसेल.

*खरेदीदार व्यापारी आणि मिलवाल्यांसाठी*

तुमच्याशी झालेले सौदे, दर आणि पैशांची मुदत तीच. प्रमाणपत्राची प्रत आम्ही तुम्हाला पाठवू. ती मिळाल्यावर तुमच्या वहीत फक्त नाव बदला, नवं खातं उघडू नका. दोन खाती झाली की जुनी बाकी एकीकडे आणि नवे पैसे दुसरीकडे, मग वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही. चेक मात्र नवं नाव लागू झाल्यावर त्याच नावानं लिहा. जुन्या नावाचा चेक आधीच दिला असेल तर कळवा, बँकेत प्रमाणपत्र दाखवून आम्ही बघतो.

*बाकी सगळं तेच*

गोडाऊन तेच, काटा तोच, काट्यावरची माणसं तीच. सोयाबीनच्या आर्द्रतेची 12 टक्क्यांची अटही तीच. फोन तोच, जो तुमच्या काटापट्टीवर छापला आहे. हा मेसेज ज्या नंबरवरून आला, पुढचे सल्लेही त्याच नंबरवरून येतील.

प्रमाणपत्र आलं की त्याचा फोटो आणि नाव लागू झाल्याची तारीख याच नंबरवरून कळवू. प्रत गोडाऊनच्या भिंतीवरही लावू. येऊन डोळ्यांनी पाहा. तोवर नव्या नावानं आलेली कोणतीही पावती किंवा मागणी आपली नाही.

घरात ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांना हे वाचून दाखवा. जुन्या काटापट्ट्या आणि शेअर प्रमाणपत्र पासबुकासोबत नीट ठेवा.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, कामठी