एक किल्ली, अनेक कुलपे : पासवर्डविषयीच्या एका चित्रफितीची संहिता

महाविद्यालयीन मुलांसाठी पासवर्डच्या सुरक्षिततेवर तीन-चार मिनिटांची चित्रफीत करायची ठरली आणि तिची संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. विषय समजावायला कुलूप-किल्लीची उपमा घ्यायची, हे ठरलेलेच होते. चित्रीकरणासाठी मी सातिवली सुचवले. वसई स्थानकाच्या पूर्वेला, महामार्गाच्या दिशेने जाताना लागणाऱ्या या औद्योगिक भागात गाळ्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक गाळ्याला शटर आणि प्रत्येक शटरला कुलूप. पडद्यावर ही रांग दिसली की निम्मे बोलणे वाचते.

पासवर्ड म्हटले की मुलांना एकच उपदेश ऐकू येतो : तो अवघड ठेवा, त्यात मोठे अक्षर, आकडा आणि एखादे चिन्ह घाला. हा झाला कुलपाच्या मजबुतीचा विचार. पण बरीचशी खाती फुटतात ती कुलूप तोडल्यामुळे नव्हे. खरी किल्ली भलत्याच ठिकाणाहून चोराच्या हाती लागल्यामुळे फुटतात. म्हणून संहितेचा सगळा भर मी एकाच प्रश्नावर ठेवला : एक किल्ली किती कुलपांना लागते?

पहिले दृश्य असे आहे. एका मालकाचे दहा गाळे आहेत. किल्ल्यांचा जुडगा बाळगण्याचा कंटाळा, म्हणून त्याने दहाही शटरांना एकाच किल्लीने उघडणारी कुलपे बसवली आहेत. नऊ गाळ्यांत यंत्रे आहेत, दहाव्यात रद्दी. रद्दीच्या गाळ्याची किल्ली तो खिळ्याला टांगून ठेवतो. निवेदक विचारतो, ‘‘रद्दी चोरून कोण काय करणार?’’ कॅमेरा रद्दीवर न जाता हळूहळू उरलेल्या नऊ शटरांवरून फिरतो.

यानंतर संहितेतला एकमेव सावधगिरीचा किस्सा येतो. तो कल्पित नाही. मे २०१७मध्ये झोमॅटो या खाद्यसेवेच्या सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. हे कसे घडले, ते कंपनीने नंतर स्वतःच जाहीर केले, आणि त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. २०१५मध्ये ‘०००वेबहोस्ट’ या संकेतस्थळांना फुकट जागा देणाऱ्या सेवेतून १ कोटीहून अधिक खात्यांचे तपशील बाहेर पडले. या सेवेने पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले होते. त्या ढिगात झोमॅटोच्या एका तंत्रज्ञाचे जुने वैयक्तिक खाते होते. हा आपल्या गोष्टीतला रद्दीचा गाळा. तोच ई-मेल आणि तोच पासवर्ड त्याने गिटहबवरही वापरला होता. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर आपली आज्ञावली जिथे ठेवतात ती जागा. चोराने किल्ली तिथे लावून पाहिली आणि दार उघडले. आत झोमॅटोची आज्ञावली होती. त्यातून थेट वापरकर्त्यांच्या माहितीपर्यंत जाता येत नव्हते, कारण ती ठरावीक ठिकाणांहूनच उघडत असे. पण आज्ञावली वाचता वाचता चोराला तिच्यात एक फट सापडली आणि त्या फटीतून तो आत शिरला.

या साखळीत तंत्रज्ञाचा पासवर्ड अंदाजाने कोणीही ओळखला नाही. तो बारा अक्षरी असता की वीस अक्षरी, काहीही फरक पडला नसता. दोन ठिकाणी दोन वेगळे पासवर्ड असते, तर मात्र साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

असले काम आता हाताने करावे लागत नाही. फुटलेल्या याद्यांतल्या ई-मेल आणि पासवर्डच्या जोड्या प्रोग्रॅम एकामागून एक शेकडो सेवांवर लावून पाहतो. सातिवलीच्या रस्त्यावर रात्री एखादा माणूस प्रत्येक शटरला किल्ली लावत फिरला तर रखवालदार हटकेल. इथे मात्र प्रत्येक कुलपाला एकदाच किल्ली लागते, तीही बरोबर लागण्याची शक्यता असलेली. त्यामुळे ‘पाच वेळा चुकले की खाते बंद’ हा पहारा अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही.

यावर मुलांची ठरलेली पळवाट असते, म्हणून दुसऱ्या दृश्यात रस्त्याकडेचा किल्लीवाला येतो. मुलगी म्हणते, ‘‘काका, मी सगळीकडे एकच नाही ठेवत. एकीकडे Vasai@123, दुसरीकडे Vasai@124.’’ किल्लीवाला कोऱ्या किल्लीवर कानस फिरवत म्हणतो, ‘‘बाळा, एक किल्ली हातात असली की दुसरीला दोनच घाव पुरतात.’’ शेवटचा आकडा वाढवणे, पुढे वर्ष जोडणे, a च्या जागी @ टाकणे, हे फेरफार चोरांच्या प्रोग्रॅममध्ये आधीच भरलेले असतात.

उपमा एका जागी तोकडी पडते, आणि तिथे निवेदक थांबून तसे सांगतो. किल्ली चोरीला गेली की खिसा रिकामा होतो. पासवर्ड चोरीला गेला तरी तो आपल्याजवळच राहतो. त्या तंत्रज्ञाच्या किल्लीची नक्कल २०१५मध्येच बाहेर गेली होती. झोमॅटोची चोरी उघडकीला आली ती २०१७मध्ये.

मग कळायचे कसे? ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३मध्ये haveibeenpwned.com हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे आपला ई-मेल टाकला की तो कोणकोणत्या फुटलेल्या याद्यांत आहे ते दिसते. एखादा पासवर्ड अशा याद्यांत आला आहे का, हेही तिथे तपासता येते. यावर मुले रास्त शंका काढतात : तपासायला पासवर्ड सांगायचा म्हणजे किल्लीच देण्यासारखे नाही का? त्याची सोय केलेली आहे. पासवर्डपासून गणिताने एक ठसा तयार होतो, तो आपल्याच संगणकावर. password या शब्दाचा ठसा 5BAA6 असा सुरू होतो. संकेतस्थळाकडे एवढीच पाच अक्षरे जातात. तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या ठशांची यादी येते आणि उरलेली जुळणी आपल्याकडेच होते. मात्र या तपासणीला मर्यादा आहे. नाव सापडले तर किल्ली गेली असण्याची शक्यता धरावी. सापडले नाही तर ती गेलेली नाही, असे म्हणता येत नाही. चोरून ठेवलेली प्रत्येक यादी उघड होतेच असे नाही.

शेवटच्या दृश्यात उपाय दोनच सांगितले आहेत. पहिला जुडग्याचा. प्रत्येक सेवेला वेगळा, यंत्राने बनवलेला पासवर्ड आणि ते सगळे पासवर्ड मॅनेजर या पेटीत. पाठ करायचा तो फक्त पेटीचा : एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. दुसरा उपाय आतल्या कडीचा, म्हणजे दुहेरी पडताळणीचा. तीत पासवर्डनंतर फोनमधल्या ॲपवरचा, दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा द्यावा लागतो. चोरलेली किल्ली इथे अडते. तरीही फोनवर गोड बोलून कोणी तो आकडा विचारला आणि आपण सांगितला, तर कडी आपणच आतून काढलेली असते.

कामाला कुठून लागायचे, याचा क्रमही संहितेत आहे. पहिला पासवर्ड बदलायचा तो ई-मेलचा, कारण बाकीच्या बहुतेक सेवांचा ‘पासवर्ड विसरलात?’ हा रस्ता तिथूनच जातो. मग बँक. त्यानंतर ती जुनी, विसरलेली खाती, शाळेत असताना कुठल्या तरी खेळासाठी उघडलेली. ती बंद करायची, आणि त्यांचा पासवर्ड आणखी कुठे लागतो ते आठवून तिथलाही बदलायचा. निवेदकाचे शेवटचे वाक्य असे आहे : ‘‘रद्दीच्या गाळ्यालाही स्वतःचे कुलूप असू द्या.’’