‘यो!’ला उत्तर काय द्यायचं?

गावात रस्त्यानं जाताना कुणी भेटलं की विचारतं, “काय, कुठं निघालात?” आपण म्हणतो, “हे काय, इथंच.” दोघं आपापल्या वाटेनं जातात. कुठं निघालो ते आपण सांगितलेलं नसतं आणि विचारणाऱ्यालाही ते नको असतं. “जेवण झालं का?” हेही तसंच. माझं तुमच्याकडे लक्ष आहे, आपल्यात सगळं ठीक आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी 1923 मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. हे बोलणं माहिती देण्याघेण्यासाठी नसतं, नातं जागं ठेवण्यासाठी असतं.

मुलांचं ‘व्हॉट्स अप’ याच जातीचं आहे. मित्राच्या फोनवर `sup` येतं, तो `nm, u?` असं लिहितो. म्हणजे ‘विशेष काही नाही, तुझं काय?’ दोघांनीही काही सांगितलेलं नसतं, पण आता बोलणं सुरू झालेलं असतं. ‘उद्या प्रॅक्टिसला येणार का?’ हा खरा प्रश्न त्यानंतर येतो.

‘यो’ म्हणजे तर निव्वळ हाक. आपल्या ‘ए!’ किंवा ‘अरे!’सारखी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांत ती रुळली, हिप-हॉपनं जगभर नेली आणि रॅप ऐकणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडीही आली. त्यात उद्धटपणा आहे असं वाटतं, कारण आपल्या कानाला ती नवी आहे. ‘हॅलो’ तरी आपलं कुठं होतं? टेलिफोन नवा होता तेव्हा, 1877 मध्ये, एडिसननं हाक मारायला तो शब्द सुचवला. ग्रॅहम बेलला ‘अहॉय’ हवं होतं. आज आजीसुद्धा फोन उचलून ‘हॅलो’च म्हणते.

म्हणून शब्दाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा तो कसा म्हटला जातो, ते ऐकावं. रोज दारातून ‘यो, आई!’ असं मोठ्यानं ओरडणारा मुलगा आज नुसतं ‘यो’ पुटपुटून खोलीत गेला, तर त्या फरकाकडे लक्ष द्यायचं. लिहिण्यातही तसंच असतं. `yooo` असे ताणलेले स्वर म्हणजे बहुधा उत्साह. छोट्या उत्तरापुढचा पूर्णविराम मात्र तुटक वाटू शकतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना पूर्णविराम असलेली एकशब्दी उत्तरं कमी मनापासूनची वाटली होती. पण हे ठोकताळे आहेत. खरा मापदंड म्हणजे त्या मुलाची रोजची सवय.

टिंगलीनं नुकसान होतं ते इथंच. पाहुण्यांसमोर “आले बघा आमचे यो यो!” म्हटलं की सगळे हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून मूल मुकाट्यानं आत येतं. बोलण्याची ती सर्वांत सोपी, सर्वांत बिनधोक सुरुवात होती. तिच्यावरच हसू झालं, तर अवघड गोष्ट सांगायला मूल आपल्याकडे कशाला येईल? आपण स्वतः ‘यो ब्रो’ म्हणणं हाही उपाय नव्हे. तो शब्द त्यांच्या कंपूची खूण आहे आणि तीत आपण घुसलो की मुलांना नकोसं होतं. उत्तर आपल्याच शब्दांत द्यावं: “काय रे, आलास?”

मग मोठ्यांचा मान? बहुतेक मुलं माणूस बघून भाषा बदलतात. मित्राला ‘यो’ म्हणणारा मुलगा सरांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. एखाद्यानं आजोबांना ‘यो’ म्हटलंच आणि त्यांना ते खटकलं, तर चारचौघांत न टोकता नंतर सांगावं, “आजोबांना नमस्कार म्हणत जा, त्यांना बरं वाटतं.”

एक जागा मात्र वेगळी आहे. `wyd`, म्हणजे ‘काय करतेस?’, हे मैत्रिणीकडून आलं तर नुसतं अभिवादन असतं. तेच अनोळखी नंबरवरून रात्री पुन्हा पुन्हा येत असेल, तर हा कोण, हे शांतपणे विचारलंच पाहिजे. तिथंही शब्दाला दोष नसतो. पाठवणारा कोण आणि वेळ कोणती, हे पाहायचं.

आमच्याकडे नववीतला मुलगा संध्याकाळी आला, सॅक टाकली.

“व्हॉट्स अप, आई?”

“काही नाही रे, भाजी चिरतेय. तुझं काय?”

“काही नाही.”

मी चिरत राहिले. त्यानं फ्रिज उघडला, बाटली काढली, अर्धी संपवली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, “गणिताचा पेपर मिळाला आज.”