उपविधींचे मुद्रितशोधन
समजा, एका दुग्ध सहकारी संस्थेच्या मसुद्यात ९ वा उपविधी नव्याने घातला गेला. परिणामी सभासदाच्या राजीनाम्याचा १३ वा उपविधी १४ वा झाला आणि हकालपट्टीचा १४ वा, १५ वा. अपिलाच्या उपविधीत मात्र "उपविधी १४ अन्वये काढलेला सभासद" हाच मजकूर राहिला. हकालपट्टी झालेल्याचा अपिलाचा हक्क त्यामुळे वादात सापडतो. यास्तव आधी अनुक्रम तपासावा. नंतर प्रत्येक संदर्भाची यादी करून निर्दिष्ट उपविधी प्रत्यक्ष वाचावा. शेवटी व्याख्या पाहाव्यात. व्याख्येत "सभासद" असता अन्यत्र "भागधारक" लिहू नये; "सदस्य" हा शब्द समितीपुरताच राखावा. नोंदणीनंतर चूक दुरुस्त करण्यास सर्वसाधारण सभेचा ठराव व निबंधकांकडे दुरुस्तीची नोंदणी आवश्यक ठरते.