दुरुस्तीचा चढता खर्च आणि पंपाची खरी किंमत



उपसा सिंचनाचा सामुदायिक पंप घ्यायचा म्हटले की बैठकीत दोन कोटेशने समोर येतात. एक स्वस्त, एक महाग. स्वस्त घेऊ म्हणणारे म्हणतात, पैसे वाचतील. महाग घेऊ म्हणणारे म्हणतात, स्वस्ताचा पंप दुरुस्तीत खातो. दोघांचेही बरोबर असते, पण कोणाचे किती बरोबर हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. तो हिशेब कसा मांडायचा ते आम्ही येथे एका उदाहरणाने सांगत आहोत.

समजा, पहिला पंपसेट २,४०,००० रुपयांना मिळतो. पहिल्या वर्षी त्याच्या दुरुस्ती-देखभालीला १०,००० रुपये लागतात आणि पुढे दरवर्षी त्यात ४,००० रुपयांची भर पडते. म्हणजे दुसऱ्या वर्षी १४,०००, तिसऱ्या वर्षी १८,००० आणि आठव्या वर्षी ३८,०००. दुसरा पंपसेट ३,१०,००० रुपयांचा. त्याचाही पहिल्या वर्षाचा खर्च १०,००० च आहे, पण तो दरवर्षी फक्त १,००० रुपयांनी वाढतो. दोन्ही आठ वर्षे वापरायचे, वीजबिल सारखेच आणि शेवटी मोडीत येणारी रक्कमही सारखीच, असे धरू.

आता साधी बेरीज करून पाहू. पहिल्याची आठ वर्षांची दुरुस्ती १,९२,००० होते, किमतीसह ४,३२,०००. दुसऱ्याची दुरुस्ती १,०८,००० होते, किमतीसह ४,१८,०००. झालं, महागडा पंप १४,००० रुपयांनी स्वस्त पडला! पण येथेच खरी मेख आहे. आठव्या वर्षी द्यायचे ३८,००० आणि आज रोख मोजायचे ३८,००० यांची किंमत एक नाही. आज हातात पैसा असेल तर तो आठ वर्षे व्याज कमावतो. आज कर्ज काढले तर त्याच पैशावर आठ वर्षे व्याज भरावे लागते. म्हणून पुढचा प्रत्येक खर्च आजच्या रुपयांत आणून मगच बेरीज करायची. यालाच वर्तमान मूल्य म्हणतात.

व्याज द.सा.द.शे. १० धरू आणि खर्च वर्षाच्या शेवटी होतो असे मानू. वर्षाअखेर एक रुपया हवा असेल तर आज सुमारे ९१ पैसे ठेवले तरी पुरतात. दोन वर्षांनी हवा असेल तर ८३ पैसे. दरवर्षी मागच्या आकड्याला १.१० ने भागत जायचे.

दुरुस्तीच्या खर्चाचे दोन भाग पाडा. एक भाग दरवर्षी सारखाच येणारा १०,००० चा. दुसरा भाग चढाचा: पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी एक टप्पा, तिसऱ्या वर्षी दोन, आणि आठव्या वर्षी सात. शाळेत आपण जिला अंकगणिती श्रेढी म्हणायचो तीच ही. चढाचा टप्पा एक रुपयाचा धरून तक्ता असा होतो:

वर्ष – एका रुपयाची आजची किंमत – टप्पे – गुणाकार
१ – ०.९०९१ – ० – ०.००
२ – ०.८२६४ – १ – ०.८३
३ – ०.७५१३ – २ – १.५०
४ – ०.६८३० – ३ – २.०५
५ – ०.६२०९ – ४ – २.४८
६ – ०.५६४५ – ५ – २.८२
७ – ०.५१३२ – ६ – ३.०८
८ – ०.४६६५ – ७ – ३.२७

दुसऱ्या रकान्याची बेरीज ५.३३५ येते. दरवर्षी सारख्याच येणाऱ्या खर्चाला या आकड्याने गुणायचे. शेवटच्या रकान्याची बेरीज १६.०३ येते. दरवर्षीच्या वाढीला या आकड्याने गुणायचे.

पहिला पंप: १०,००० ला ५.३३५ ने गुणून ५३,३५०. वाढ ४,००० ला १६.०३ ने गुणून ६४,१२०. किमतीसह एकूण ३,५७,४७०.

दुसरा पंप: तेच ५३,३५०. वाढ १,००० ला १६.०३ ने गुणून १६,०३०. किमतीसह एकूण ३,७९,३८०.

म्हणजे आजच्या रुपयांत स्वस्त पंपच २१,९१० रुपयांनी परवडतो. साध्या बेरजेने दिलेला निकाल उलटा झाला. कारण उघड आहे. जादाचे ७०,००० आजच मोजावे लागतात, पण दुरुस्तीतली बचत मोठी होते ती शेवटच्या वर्षांत, जेव्हा रुपयाची आजची किंमत निम्म्यावर आलेली असते.

तक्ता बरोबर उतरला की नाही याचा एक ताळा आहे. ५.३३५ मधून शेवटच्या वर्षाच्या ०.४६६५ ची आठपट, म्हणजे ३.७३२, वजा करा. उरले १.६०३. त्याला व्याजदराने, म्हणजे ०.१० ने, भागा. १६.०३ च आले पाहिजे. वर्षे किंवा व्याज बदलले तरी हीच रीत चालते.

दोन चुका हमखास होतात. पहिली, चढ पहिल्याच वर्षापासून धरण्याची. तसे केले तर पहिल्या पंपाचा खर्च सुमारे २१,३४० रुपयांनी फुगतो. ओळखण्याची खूण सोपी: आठव्या वर्षाचा आकडा ३८,००० ऐवजी ४२,००० दिसला की चूक झाली समजावे. दुसरी चूक सरासरी काढण्याची. सरासरी खर्च २४,००० येतो, पण त्याला ५.३३५ ने गुणले तर १,२८,०४० होतात. खरा आकडा १,१७,४७० आहे. सरासरीत उशिराचे मोठे खर्च जवळ ओढले जातात, म्हणून ती जास्त दाखवते.

आता हा निकाल कुठवर टिकतो तेही पाहिले पाहिजे. पंप आठऐवजी दहा वर्षे चालवायचा असेल तर चढाचा आकडा २२.८९ होतो. तेव्हा दुरुस्तीतली बचत सुमारे ६८,७०० भरते आणि दोन्ही पंप जवळजवळ बरोबरीला येतात. बारा वर्षे चालवायचा तर तो आकडा २९.९० होतो, बचत ८९,७०० वर जाते आणि महाग पंपच घ्यावा. व्याजाचेही तसेच. ३ टक्क्यांच्या आसपास व्याज धरले तर आठ वर्षांतही दोन्ही सारखे पडतात. म्हणून कर्ज काढून घेणार असाल तर कर्जाचाच दर धरा. स्वतःच्या ठेवीतून घेणार असाल तर ठेवीचा.

शिवाय खर्च खरोखर ठरावीक रकमेने वाढतो का, हे जुन्या पंपाच्या दुरुस्ती वहीत पाहून घ्या. लगतच्या दोन वर्षांतले फरक साधारण सारखे असतील तर ही रीत लागू पडते. फरकच वर्षागणिक मोठे होत असतील तर खर्च टक्क्याने वाढतो आहे, आणि ही रीत तो कमी दाखवील. मोटर रिवाइंडिंगसारखा एकदाच येणारा मोठा खर्च चढात मिसळू नका. तो वेगळा धरा: पाचव्या वर्षी २०,००० येणार असतील तर ०.६२०९ ने गुणून १२,४१८ मिळवा.

तेव्हा कोटेशने उघडण्याआधी तीन गोष्टी बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा: पंप किती वर्षे वापरायचा, व्याज किती धरायचे आणि दुरुस्तीची दरवर्षीची वाढ कोणत्या वहीवरून घेतली. मग ज्याला शंका असेल त्याने तक्ता स्वतः मांडून पाहावा. पाणीपट्टी सगळ्यांच्याच खात्यावर पडायची आहे.